क्लास संपला, गाव बदलतंय : तबल्याच्या सरांचा निरोप कसा घ्यायचा

प्रश्न : "पुण्यात चार वर्षं तबल्याच्या क्लासला जातोय, हौस म्हणून. प्रवेशिका पूर्ण आत्ताच झाली आणि दोन महिन्यांत चेन्नईला बदली आहे. सरांना अजून सांगितलं नाहीये, जड जातंय. शेवटच्या दिवशी काय द्यायचं, पाकीट द्यायचं का, काय बोलायचं? कुणी शिकवणारं असेल तर सांगा."

याच आठवड्यात सांगा. पाकीट, पेढे वगैरेचं पण लिहितो खाली, पण मी स्वतः तबला शिकवतो, हौशी मोठ्या माणसांच्या बॅचेस घेतो, त्यामुळे शिकवणाऱ्याच्या बाजूने बघून सांगतो की तुमची खरी अडचण शेवटच्या दिवसाची नाहीच आहे. शेवटचा दिवस अर्ध्या तासात होऊन जातो. त्याच्या आधीचे जे सहा-सात आठवडे तुमच्या हातात आहेत त्यात सर तुमच्यासाठी काय करू शकतात, हा खरा मुद्दा आहे, आणि त्यांना माहीतच नसेल तर ते काहीच करू शकत नाहीत.

काही गोष्टी मला इथून कळणार नाहीत त्या आधीच सांगतो. क्लास सरांच्या घरी आहे की एखाद्या संस्थेत आहे, सर तिशीतले आहेत की पंचाहत्तरीचे, बॅच आहे की तुम्ही एकटेच बसता, यावर बरंच अवलंबून आहे. तुम्ही हौस म्हणून म्हणताय म्हणजे गंडाबंधन वगैरे झालेलं नसणार असं धरतो. ते झालं असेल तर दुसरीकडे शिकायला जाण्याआधी रीतसर परवानगी घ्यावी लागते, तो वेगळा विषय आहे, त्यात मी इथे जात नाही.

आता सांगायचं कसं. क्लास सुटल्यावर, बाकीची मुलं निघाली की थांबा आणि समोरासमोर सांगा, व्हॉट्सॲपवर नको आणि बॅचच्या ग्रुपवर तर अजिबातच नको. फार प्रस्तावना लागत नाही. "सर, माझी चेन्नईला बदली झालीय, अमुक तारखेला निघतोय, तोपर्यंत आपण काय पूर्ण करायचं ते तुम्ही ठरवा" एवढं पुरतं. यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं, कारण त्याने सरांच्या डोक्यात विषय जाण्यावरून शिकवण्यावर येतो. सर कदाचित नुसतं "बरं" म्हणतील आणि डग्ग्यावर कापड टाकायला लागतील. ते मनाला लावून घेऊ नका, चार वर्षं दर आठवड्याला समोर बसणारा माणूस जाणार हे ऐकल्यावर लगेच काय बोलायचं हे आम्हालाही सुचत नाही. पुढच्या वेळी ते काहीतरी ठरवून आलेले असतील, बहुतेक वेळा असंच होतं.

आता लवकर का सांगायचं ते नीट सांगतो, कारण यामागे भावनेपेक्षा कामाचा भाग जास्त आहे. प्रवेशिका पूर्ण झाली की आम्ही साधारण लगेच मध्यमा प्रथमची तयारी म्हणून नवीन गोष्टी सुरू करतो, एखादा वेगळ्या जातीचा कायदा, रेला, पेशकाराची तोंडओळख. तुम्ही जाणार हे माहीत नसेल तर सर हे सगळं तुम्हालाही सुरू करून देणार, आणि तुम्ही चेन्नईला जाल तेव्हा तुमच्याकडे चार गोष्टी अर्ध्या असतील. अर्धा पेशकार घेऊन जाण्यात काही अर्थ नसतो, तो संथ लयीत चालतो आणि त्यातलं वजन, कुठे थांबायचं, डग्गा कुठे दाबायचा हे ऐकून ऐकूनच येतं, वहीत बघून येत नाही. माहीत असेल तर सर नवीन उघडणारच नाहीत, जे बसत आलंय ते पक्कं करून देतील.

आणि उलटा प्रकार बघा. आयत्या वेळी सांगितलं की सरांचं मन भरून येतं आणि मग शेवटच्या तासाला प्रेमापोटी ते पाच-सहा बंदिशी एकदम देतात, हा कायदा घे, हा तुकडा घे, ही चक्रदार आमच्या गुरुजींची आहे ही पण घे. विद्यार्थी भराभर लिहून घेतो. अशा वह्या घेऊन बाहेरगावची माणसं माझ्याकडे येतात तेव्हा मला सुरुवातीच्या पानांवरून शेवटच्या पानांवर गेलं की लगेच कळतं कुठून गडबड झाली. सुरुवातीच्या पानांवर बोलांच्या वर-खाली पेन्सिलीच्या खुणा असतात, कुठे खाली आहे, कुठे बोट कुठलं, लय काय. शेवटच्या पानांवर नुसते बोल. विचारलं की "हे वाजवून दाखवा", तर वाजवता येत नाही, कारण ते कधी हातात गेलेलंच नाही.

नुसते बोल का पुरत नाहीत ते एका उदाहरणावरून सांगतो, तुम्हाला हे येतच असेल. तीनतालातला दिल्लीचा तो सगळ्यांना पहिला शिकवतात तो कायदा घ्या :

धाधा तिट धाधा तिन्ना
ताता तिट धाधा धिन्ना

यात "तिट" हे लिहायला सगळीकडे एकच. पण वाजवताना दिल्लीच्या पद्धतीत "ति" एकट्या मधल्या बोटाने आणि "ट" तर्जनीने, आणि दुसऱ्या पद्धतीत "ति" ला मधलं, अनामिका आणि करंगळी तिन्ही एकत्र पडतात आणि मग तर्जनी. आवाज वेगळा येतो, आणि पुढे लय वाढवली की हात कुठे अडकतो तेही वेगळं. आपल्याकडच्या बऱ्याच क्लासेसमध्ये हात थोडा मिसळलेलाच असतो, अहमदजान थिरकवा खाँसाहेब गंधर्व नाटक मंडळीत होते तेव्हापासून महाराष्ट्रात त्यांच्या वादनाचा मोठा प्रभाव आहे, आणि त्यांच्याकडे तर दिल्ली, फर्रुखाबाद अशा अनेक घराण्यांचं वाजवणं होतं. त्यामुळे तुमचे सर कुठला "तिट" कुठल्या बंदिशीत वापरतात हे तुम्हाला आज हाताला माहितीय, पण सहा महिने गॅप पडला, घर लावण्यात, ऑफिसात वेळ गेला, की वही उघडल्यावर आठवणार नाही. "तिरकिट"चं तर आणखीच, त्याचे बोटांचे प्रकार जास्त.

म्हणून माझ्याकडून कुणी गाव सोडून जाणार असेल तर मी काय करतो ते एका ताईंच्या उदाहरणावरून सांगतो. बँकेत होत्या, रायपूरला बदली झाली, वेळेत सांगितलं, साधारण दीड महिना हातात होता. पहिल्या बैठकीला आम्ही तबला वाजवलाच नाही. त्यांची वही घेऊन बसलो आणि प्रत्येक पानावर मी विचारलं, हे आत्ता न बघता वाजवता येईल का. जे येईल त्यावर एक खूण, जे बघून येईल त्यावर दुसरी, आणि जे येतच नाही त्या पानाचा कोपरा दुमडला. मग ठरवलं की दुमडलेली पानं सोडून द्यायची, ती मी त्यांना सरळ सांगितली की ही आता धरू नका, नवीन ठिकाणी ज्यांच्याकडे जाल ते स्वतःच्या पद्धतीने देतील. उरलेल्यातून दोन कायदे, एक रेला, तीनतालातले तीन-चार तुकडे आणि ठेके एवढंच घ्यायचं ठरलं. त्यांना आधी वाईट वाटलं, एवढंच का म्हणून. पण दोन कायदे पलट्यांसकट आणि तिहाईसकट पक्के असले की माणूस एकटा वर्षभर रियाज करू शकतो, आणि वीस कच्च्या बंदिशी असल्या की रोज वीस मिनिटं वही चाळण्यात जातात.

पुढच्या आठवड्यांत ते दोन कायदे पहिल्यापासून परत घेतले. प्रत्येक बोलावर बोट लिहिलं, तर्जनीला १, मधल्याला २, अनामिकेला ३. पलटे चार-पाच लिहून दिले, पण त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे पलटा कसा करायचा ते करून घेतलं, की कायद्यात जे बोल आहेत तेवढेच वापरायचे, बाहेरचा बोल आणायचा नाही, आणि भरीचं जे केलं तेच खालीला डग्गा बंद ठेवून यायला पाहिजे. हे एकदा कळलं की त्या स्वतः पलटे काढायला लागल्या, आणि मला वाटतं दूर जाणाऱ्या माणसाला देण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

मग रेकॉर्डिंग. हे तुम्ही सरांना स्वतःहून विचारा, आणि परवानगी घेऊनच करा, काही लोकांना मोबाईल समोर आलेला आवडत नाही आणि तो त्यांचा हक्क आहे. विचारताना कशासाठी ते सांगा : "फक्त माझ्या रियाजासाठी, कुठे टाकणार नाही." आणि ते शब्द पाळा. काही बंदिशी सरांना त्यांच्या गुरूंकडून मिळालेल्या असतात आणि त्या यूट्यूबवर दिसल्या तर त्यांना खरंच लागतं.

रेकॉर्ड काय करायचं, तर दोन गोष्टी. एक म्हणजे पढंत, सर हाताने ताल धरून बोल तोंडाने म्हणताहेत असं, प्रत्येक बंदिशीची वेगळी फाईल, आधी संथ मग दुगुन. तबल्याच्या रेकॉर्डिंगपेक्षा पढंत जास्त उपयोगी पडते हे माझं ठाम मत आहे, कारण सरांच्या तोंडून बोल ऐकले की वजन कळतं, कुठला "धा" मोठा, कुठला नुसता सोडलेला, आणि ते बसमध्ये, चालताना, कुठेही म्हणून बघता येतं. दुसरी गोष्ट म्हणजे हाताचा व्हिडिओ. लोक समोरून घेतात आणि त्यात तबल्याची कडा आणि सरांचा चेहरा दिसतो, बोटं दिसतच नाहीत. मोबाईल वरून धरा, थोडा उजव्या खांद्याच्या बाजूने, नुसता उजवा हात आणि पुडी एवढंच फ्रेममध्ये, अगदी संथ लयीत. डग्ग्याचा वेगळा घ्या, मनगट दिसेल असा, कारण डग्ग्यातला घुमारा आणि घसीट सगळी मनगटातून येते. फाईलला नाव लगेच द्या, "तीनताल कायदा तिट पढंत" असं काहीतरी, नाहीतर ते व्हिडिओ गॅलरीत लग्नाच्या फोटोंमध्ये हरवतात.

याच दिवसांत सरांना एक प्रश्न नक्की विचारा जो बहुतेक लोक विचारत नाहीत : "सर, माझ्या हातात काय चुकतंय?" क्लासमध्ये आम्ही सारखं टोकत असतो पण ते त्या त्या क्षणाचं असतं. जाणाऱ्या माणसाने विचारलं की आम्ही विचार करून दोन-तीन गोष्टी सांगतो, ज्या पुढे कुणी बघायला नसताना वाढतील. त्या ताईंना मी सांगितलं होतं की लय वाढली की तुमची खाली बंद राहत नाही. म्हणजे वरच्या कायद्यात "ताता तिट" ला डग्गा गप्प पाहिजे, आणि त्यांचा डावा हात सवयीने "घे" देऊन मोकळा व्हायचा, मग "धाधा धिन्ना"ला भरी परत आली तरी कळायचंच नाही कारण गेलेलीच नसायची. ओळखायचं कसं तेही सांगितलं, की स्वतःचं रेकॉर्ड करायचं आणि डोळे मिटून ऐकायचं, खाली कुठे आहे हे बोल न मोजता नुसत्या डग्ग्यावरून कळलं तर बरोबर. नाही कळलं तर लय कमी करा. अशी तुमच्या हाताची दोन-तीन वाक्यं सरांकडून वहीच्या पहिल्या पानावर त्यांच्याच अक्षरात लिहून घ्या.

आता चेन्नई. तिथे मृदंगम शिकवणारे भरपूर मिळतील, पण तबल्याचे चांगले शिक्षक शोधायला वेळ लागेल, शहर मोठं आहे आणि अंतरंही. म्हणून सरांना दोन गोष्टी स्पष्ट विचारून ठेवा. पहिली : "तिकडे दुसऱ्या कुणाकडे शिकलो तर चालेल ना?" गंडा नसेल तर तुम्ही तसेही मोकळेच आहात, तरी विचारा, कारण विचारल्यावर सर नुसतं हो म्हणून थांबत नाहीत, कुणाकडे जा, कुणाचा हात आपल्याला जुळेल, कुणाचा अगदी वेगळा आहे हे सांगतात, कधी स्वतः फोन करतात. आणि पुढे तुम्ही दुसरीकडे जाता हे त्यांना तिसऱ्याकडून कळत नाही, हे फार महत्त्वाचं. नवीन सरांकडे गेल्यावर आधीच्या सरांचं नाव सांगा, वही दाखवा, वाजवून दाखवा, आणि मग ते हात बदला म्हणाले तर सहा महिने त्यांचं ऐका. एका हाताने अर्धं हे आणि अर्धं ते चाललं की दोन्ही जातात.

दुसरी : ऑनलाइन चालेल का. बरेच सर आता घेतात. पण फुकट गृहीत धरू नका, "सर फीचं काय ते सांगा" असं आधी तुम्हीच म्हणा, जुने सर स्वतःहून फी मागत नाहीत आणि मग दर आठवड्याला पाठवलेल्या व्हिडिओंची उत्तरं द्यायची त्यांना अडचण होते, शेवटी ते उत्तर द्यायचंच बंद करतात आणि तुम्हाला वाटतं सर बदलले. ऑनलाइनची एक मर्यादाही लक्षात ठेवा, आवाज उशिरा पोचतो, त्यामुळे तुम्ही आणि सर एकत्र वाजवू शकत नाही, ते लेहरा धरतील आणि तुम्ही वाजवाल हे जमत नाही. त्यांनी वाजवायचं, मग तुम्ही वाजवायचं, असंच होतं. म्हणून एकत्र वाजवण्याचं जे काही आहे, लेहऱ्यावर तिहाई समेवर आणणं, कुणा गाणाऱ्याबरोबर ठेका धरणं, हे पुण्यात असेपर्यंत उरकून घ्या. क्लासमध्ये पेटी वाजवणारं, गाणारं कुणी असेल तर शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत त्यांच्याबरोबर बसा.

परीक्षेचं थोडक्यात. तुमची परीक्षा गांधर्व महाविद्यालय मंडळाची असेल तर देशभर केंद्रं आहेत त्यामुळे पुढची दुसऱ्या गावातूनही देता येते, पण आधीची गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र लागतं. आमच्याकडे ती कागदपत्रं केंद्रामार्फत क्लासला येतात आणि मूळ प्रमाणपत्र यायला वेळ लागतो. आत्ताच परीक्षा झाली म्हणताय म्हणजे तुमचं अजून आलेलं नसेल. सरांकडे कागदावर लिहून ठेवा, नाव, परीक्षेचं सत्र, बैठक क्रमांक, आणि पुण्यातलं कुणीतरी जे येऊन घेऊन जाईल त्याचा फोन. सरांना पोस्टात जायला लावू नका.

आता पाकीट. घरगुती क्लास असेल तर द्यायला काही हरकत नाही, आणि आपल्याकडे ते चालतं. किती, तर साधारण एका महिन्याच्या फीच्या आसपास दिलं की ओझंही होत नाही आणि कमीही वाटत नाही, वर एक रुपया ठेवायची पद्धत आहेच. ऐपत असली म्हणून फार मोठी रक्कम देऊ नका, पुढच्या विद्यार्थ्याला अवघड होतं आणि सरांनाही. संस्थेत पगारी शिकवणारे सर असतील तर पाकीट बहुतेक नको, काही ठिकाणी ते नियमातही बसत नाही, तिथे फळं, पेढे, फार तर शाल. आणि त्याआधी, अगदी आधी, फी पूर्ण भरा. ज्या महिन्यात अर्धेच क्लास होणार त्या महिन्याची पण पूर्ण. एखाद-दुसरा महिना राहून गेलेला असतो, सर बोलत नाहीत, वहीत मात्र असतं. सरांचं पुस्तक, सीडी, क्लासचा डग्गा घरी नेलेला असेल तर तो पण परत.

वस्तू द्यायची असेल तर तबल्याच्या आकाराचा शोपीस आणू नका, प्रत्येक तबलावाल्याच्या घरी ते आधीच खूप असतात. मला आजपर्यंत सगळ्यात आवडलेली भेट म्हणजे एका विद्यार्थ्याने जाताना क्लासच्या तबल्याची पुडी बदलून दिली. ज्या तबल्यावर तो शिकला त्याची शाई उडायला लागली होती, तडतड आवाज यायचा, त्याने मला विचारून, माझ्याच नेहमीच्या कारागिराकडून ती करून आणली. विचारून, हे लक्षात घ्या, कारण कारागीर आणि पुडी याबाबतीत आमचे आग्रह असतात. तसं काही सुचत नसेल तर सुती कुडत्याचं कापड, चांगली चुंबळ, गादी, यातलं काहीही चालतं.

शेवटच्या दिवशी नवीन काही शिकायचं नाही हे आधीच सरांशी ठरवून ठेवा. पाच-सात मिनिटं वाजवा, बॅचसमोर, जे पक्कं आहे तेच, एक कायदा पलट्यांसह आणि दोन तुकडे. मग नेहमी करतो तसा तबल्याला नमस्कार, मग सरांना. पाया पडायचं का यावर लोक फार विचार करतात, गुरुपौर्णिमेला पडत असाल तर इथेही पडा, नसाल पडत तर हात जोडा, सरांना फरक पडत नाही. काही लोकांना भाषण करायचं असतं, ते नको. दोन-तीन वाक्यं बोला पण ती नेमकी असू द्या. "सर तुम्ही खूप छान शिकवलंत" हे आम्ही ऐकतो आणि विसरतो. त्या रायपूरच्या ताई म्हणाल्या होत्या, "सर, ऑफिसात वैताग आला की मी टेबलाखाली बोटांवर झपताल धरते, धी ना धी धी ना, दहा मात्रा होईपर्यंत डोकं शांत होतं." ते मला अजून आठवतं, कारण ते त्यांचंच होतं. तुमचं असं काय आहे ते बघा, पहिल्यांदा तिहाई समेवर आली तो दिवस, सरांनी टोकलेली एखादी गोष्ट जी आता बसलीय, असं काहीतरी. बोलवत नसेल तर लिहून द्या, एका पानात, हाताने.

आणि क्लास घरी असेल तर काकूंना विसरू नका. चार वर्षं ज्यांनी दार उघडलं, चहा दिला, तुमचा तोच तोच कायदा स्वयंपाकघरातून ऐकला, त्यांना वेगळं भेटून सांगा की निघतोय. सर याची नोंद घेतात.

ग्रुपवरून एकदम लेफ्ट होऊ नका. एक मेसेज टाका, बॅचमधल्यांना, आणि सरांना विचारून बाहेर पडा किंवा राहा. गेल्यावर पहिला फोन पोचल्याचा, मग महिना-दोन महिन्यांनी रियाजाचं एखादं छोटं रेकॉर्डिंग, दोन मिनिटांचं, उत्तराची अपेक्षा न ठेवता. आणि गुरुपौर्णिमेला फॉरवर्ड केलेलं चित्र पाठवण्यापेक्षा फोन करा. पुण्याला आलात की जाऊन या, क्लासच्या वेळेत गेलात तर बसवून वाजवायला लावतील त्याची तयारी ठेवा.

राहिला तुमचा स्वतःचा तबला. पुडी जुनी झाली असेल, चाट सैल वाटत असेल, तर पुण्यातच सरांना दाखवून बदलून घ्या, चेन्नईत कारागीर शोधण्यात पहिले महिने जातील. सामानाच्या ट्रकमध्ये उजवा तबला टाकू नका, ऊन आणि दणके दोन्हीने पुडी फाटू शकते, जाड पॅडच्या पिशवीत घालून स्वतःबरोबर न्या, डग्गा कपड्यात गुंडाळून वेगळा. हातोडी बरोबर घ्या पण विमानाने जात असाल तर ती चेक-इनच्या बॅगेत. पोचल्यावर दमट हवेने कातडं सैल पडून सूर उतरलेला असेल, काळी एकचा तबला पांढरी एकच्याही खाली गेलेला वाटेल. घाईने गठ्ठे ठोकत बसू नका, चार दिवस खोलीत राहू द्या, मग गजऱ्यावर हलक्या हाताने थोडं थोडं चढवा, एका बाजूला ठोकलं की समोरच्या बाजूला, आणि प्रत्येक घरात चाटेवर "ना" वाजवून सूर एकच येतोय ना ते बघा. पहिल्यांदा कसं करायचं हे येत नसेल तर तेही या दोन महिन्यांत सरांसमोर बसून एकदा पूर्ण उतरवून, पूर्ण चढवून शिकून घ्या, क्लासमध्ये ते लावून देतात म्हणून बऱ्याच जणांना तबला लावताच येत नाही.